एकाला एक : ताट-वाटीचं कार्ड
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘मी आणि माझं काम’. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आणि शेवटची वर्षं करवीर तालुक्यातल्या एका गावात पहिलीचा वर्ग घेतला, हे तुम्हांला ठाऊक आहे. सगळी नोकरी सांगत बसले तर मागच्या बाकावरचे आपले मित्र पूर्वीसारखेच खिडकीतून बाहेर बघायला लागतील. म्हणून मी फक्त एका कार्डाबद्दल बोलणार आहे. हाताएवढं कार्ड. त्यावर तीन फोटो आणि मागच्या बाजूला एक ओळ.

आधी ते कुठून आलं ते सांगते. २०२२ साली जी मुलं पहिलीत यायची होती, त्यांच्या अंगणवाडीची दोन वर्षं कोरोनात बंद दारामागे गेली होती. त्या उन्हाळ्यात राज्यभर ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारी अभियान झालं. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि ‘प्रथम’ संस्था यांनी मिळून ते आखलं होतं. एप्रिलमध्ये शाळेच्या पटांगणात पहिला मेळावा, जूनमध्ये दुसरा, आणि मधल्या आठवड्यांत घरी आईनं मुलाकडून काही कृती करून घ्यायच्या. शेजारपाजारच्या पाच-सहा आयांचा एक गट, त्यातली एक लीडर माता, आणि दर आठवड्याला करायच्या कृतींची आयडिया कार्डं, अशी ती रचना होती. ज्या घरी स्मार्टफोन होता तिथं व्हिडिओही जायचे.

घरातल्या वस्तूंनी मूल शिकतं, हे आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला हेच केलं. परदेशी साधनं परवडत नाहीत तर शंख-शिंपले, बिया, पानं, दगड घेऊन बालवाडी चालवली, आणि मूल वाडीत येत नसेल तर वाडीच त्याच्या अंगणात नेली. फरक एवढाच की तिथं शिकवणाऱ्या बाई समोर असायच्या. कार्डाबरोबर बाई जात नाही. आई एकटी असते, चुलीवर भाकरी असते, आणि पुष्कळदा तिला वाचायचं म्हटलं की धाकधूक होते.

आमच्या गावात गटाच्या पहिल्या बैठकीला एक आई दाराजवळ बसली होती. पुढं ये म्हटलं तर म्हणाली, “बाई, मला वाचाया येत न्हाई, म्हणून मागं बसलोय.” मी कार्ड तिच्या हातात दिलं. ते उलटसुलट करून ती म्हणाली, “चित्र कळतंय की. पर करायचं काय ते कुठं हाय यात?” त्यानंतर आमच्या गटानं स्वतः जी कार्डं केली, ती सगळी या एका प्रश्नाला उत्तर देण्यासाठी होती. त्यातलं ताट-वाटीचं कार्ड सगळ्यांत जास्त चाललं. तेच आज उलगडून दाखवते.

आता, अंक शिकवायचे तर डाळी-कडधान्यांऐवजी ताट-वाटीच का? हरभरे, वाटाणे, शेंगदाणे मोजायला सोपे असतात आणि बहुतेक कार्डांवर तेच असतात. पण ज्या घरात चार वर्षांचं मूल आहे, त्या घरात बरेचदा दीड वर्षाचंही असतं. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकतो, हरभरा नाकात जातो आणि तिथं फुगतो. आई भाकरी थापताना दोघांवर नजर कशी ठेवणार? म्हणून आमच्या गटाचा नियम साधा होता. धाकट्याच्या तोंडात मावेल अशी वस्तू कार्डावर नको. वाटी मावत नाही. शिवाय वाटी रोज लागते आणि जेवणाची वेळ रोज येते. कृतीसाठी वेगळा वेळ काढायचा म्हटलं, तर वैरणीला आणि डेअरीत दूध घालायला जाणाऱ्या बाईकडं तो नसतोच. ताटं मात्र मांडावीच लागतात.

कृती अशी. जेवायला बसणाऱ्या माणसांची ताटं आई मांडते. समजा पाच. मुलाच्या हातात वाट्या देते आणि म्हणते, “एकाला एक.” मूल प्रत्येक ताटात एक वाटी ठेवतं. हा पहिला फोटो. मग मूल एकेका वाटीवर बोट टेकवत मोजतं. हा दुसरा फोटो. मग आई रिकामा हात पुढं करते आणि म्हणते, “मला तीन वाट्या दे.” हा तिसरा. बस, एवढंच.

दिसायला ही एकच कृती आहे, पण तिच्यात तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि मूल नेमकं कुठं आहे ते या पायऱ्यांवर कळतं. म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिल्या पायरीला अंकच लागत नाहीत. ताट आणि वाटी यांची जोडी लावायची. आई कधी मुद्दाम एक वाटी कमी देते. शेवटचं ताट रिकामं राहिलं की मूल “अजून एक” म्हणून मागतं, किंवा तसंच सोडून खेळायला पळतं. मागितलं, तर त्याला कमी-जास्त समजलं. त्यासाठी त्याला पाच हा शब्दही यावा लागत नाही.

दुसरी पायरी मोजणीची. आपल्याकडं तीन-चार वर्षांच्या पोराला पाहुण्यांसमोर उभं करून वीसपर्यंत म्हणायला लावतात. ते म्हणतं, सगळे टाळ्या वाजवतात. पण एक ते वीस म्हणणं हे गाण्यासारखं पाठांतर आहे. वाट्या मोजताना तोंड पुढं पळतं आणि बोट मागं राहतं. पाच वाट्यांवर आकडा सातपर्यंत जातो, किंवा एकच वाटी दोनदा मोजली जाते. बोट आणि शब्द बरोबर पडायला लागले की “किती झाल्या?” असं विचारायचं. इथं गंमत होते. पुष्कळ मुलं “पाच” म्हणत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. पुन्हा विचारलं की पुन्हा मोजतात. म्हणजे शेवटी उच्चारलेला शब्द हा सगळ्या वाट्यांचा मिळून आकडा आहे, हे अजून त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली लहान मुलांच्या मोजणीवर पुस्तक लिहिलं, त्यात ही तत्त्वं वेगळी काढून मांडली आहेत. शब्दांचा क्रम पक्का असणं, एका वस्तूला एकच शब्द देणं आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, ही त्यातली तीन. आपल्या घरांत पहिल्याचं कौतुक होतं आणि उरलेल्या दोन्हींकडं कुणाचं लक्ष नसतं.

तिसरी पायरी सगळ्यांत अवघड. “मला तीन दे.” समोर आहे ते मोजणं वेगळं आणि ढिगातून नेमकं तीनवर थांबणं वेगळं. थांबायचं कुठं हे मुलाला डोक्यात धरून ठेवावं लागतं. इथं दहापर्यंत छान मोजणारी मुलंही ओंजळभर वाट्या उचलून देतात. आधी त्यांना ‘एक’ कळतो, मग काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. हे आकडे एकामागून एक सावकाश उमगतात, आणि तीन-चारच्या पुढं गेल्यावर मग मोजून देण्याची युक्ती सापडते.

आमच्या गटातली एक मुलगी सांगते. साडेपाच वर्षांची. वीसपर्यंत न चुकता म्हणायची, वडिलांना भारी अभिमान. मेळाव्यात तिला तीन वाट्या मागितल्या तर तिनं होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या माझ्या पदरात टाकल्या. आईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, आता एक मागून बघ. एक बरोबर दिली. दोन मागितल्या, त्याही बरोबर. म्हणजे मुलीला ‘दोन’ येतो, ‘तीन’ नाही. कुठून सुरुवात करायची ते आम्हांला कळलं.

पहिले दोन आठवडे आईनं तीन मागितलेच नाहीत. नुसती ताट-वाटीची जोडी, आणि जेवताना “आजीला दोन भाकरी वाढ, आबांना एक वाढ” असं. तिसऱ्या आठवड्यात तीन आणला, पण मागितला नाही, दाखवला. “ह्या बघ तीन वाट्या. एक, दोन, तीन. तीन.” शेवटचा ‘तीन’ पुन्हा म्हणायचा आणि सगळ्या वाट्यांवरून हात फिरवायचा. हा हात फिरवणं महत्त्वाचं, कारण त्यानं मुलाला कळतं की हा शब्द शेवटच्या वाटीचं नाव नाही, सगळ्यांचं मिळून आहे. पाचव्या आठवड्यात मुलगी तीन वाट्या बरोबर द्यायला लागली. मग आईनं वाट्या सोडून चमचे मागितले, तर पुन्हा मूठभर! वाट्यांचा तीन आणि चमच्यांचा तीन एकच, हेही शिकावं लागतं. पुढं दारातल्या चपला, झाकणं, कांदे असं वस्तू बदलत गेले. जूनच्या मेळाव्यात ती चारपर्यंत न चुकता देत होती. पाचाला कधी बरोबर, कधी चूक. आठ आठवड्यांत एवढंच झालं, आणि ते चांगलं झालं असं मी मानते. वीसपर्यंत तर ती आधीपासूनच म्हणत होती. आता तिच्या त्या शब्दांत वस्तू भरायला लागल्या होत्या.

आता कार्डाकडं वळते, कारण इतकं सगळं तीन फोटोंत कसं बसवायचं, हा खरा प्रश्न होता. माझ्या हाती एकदा एक रंगीत कार्डसंच आला होता. कुणी काढला ते राहू द्या. चित्रं डावीकडून उजवीकडं, मध्ये बाण, आणि कोपऱ्यात नुसते दोन हात वाट्या धरलेले. आपल्याला ते लगेच कळतं, कारण आपण हजारो पानं डावीकडून उजवीकडं वाचली आहेत. ज्या बाईनं ती वाचलेली नाहीत, तिची नजर आधी सगळ्यांत मोठ्या चित्रावर जाते. बाण तिला काठी वाटतो. एकीनं तुटलेल्या हातांकडं बघून विचारलं, “हे कुणाचं हात?” प्रश्न रास्त होता. हात आईचे की लेकराचे, हे चित्रात नव्हतंच, आणि सगळी कृती त्यावरच अवलंबून होती.

म्हणून आमच्या कार्डावर फोटो वरून खाली लावले, तिन्ही सारख्या आकाराचे. क्रमासाठी बाण नाही, कोपऱ्यात एक ठिपका, दोन ठिपके, तीन ठिपके. प्रत्येक फोटोत आई आणि मूल दोघंही पूर्ण दिसतात आणि पहिल्या फोटोतलीच साडी, तेच मूल, तीच फरशी शेवटपर्यंत असते. कपडे बदलले तर बायकांना वाटतं की ही दुसरी आई आहे आणि वेगळं काहीतरी चाललंय. मागं भिंतीवर कॅलेंडर, टीव्ही काही नको, नाहीतर बोलणं त्याच्यावरच जातं. मागच्या बाजूची एक ओळ घरातल्या थोरल्या, शाळेत जाणाऱ्या मुलासाठी. त्यानं ती आईला वाचून दाखवायची.

बोलायचं काय, हे मात्र फोटोत दाखवता येत नाही. तोंडातून निघालेला फुगा आणि त्यात अक्षरं, हा पुन्हा वाचणाऱ्यांचाच संकेत झाला. त्यासाठी बैठकीतच प्रत्येक कार्डाचे दोन-तीन शब्द तोंडपाठ करायचे. या कार्डाचे शब्द ‘एकाला एक’. कार्ड बघितलं की ते शब्द आठवले पाहिजेत. यातून मला जी गोष्ट सगळ्यांत पक्की कळली ती अशी की, कार्ड शिकवत नाही, कार्ड आठवण करून देतं. कृती आधी गटात एकदा हातानं करून झालेली असली, तर कार्ड चालतं. नुसतं घरी पाठवलेलं कार्ड डब्याखाली जातं.

छापण्याआधी एक परीक्षाही करायची. गटाबाहेरच्या पाच आयांना कार्ड द्यायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही आणि म्हणायचं, “यात काय करायला सांगितलंय ते करून दाखवा.” सांगा नाही म्हणायचं, करून दाखवा म्हणायचं. सांगताना माणसं समोरच्याला बरं वाटेल तसं सांगतात. हातानं करताना जे कळलं तेच होतं. पाचातल्या दोघी जरी एकाच जागी अडल्या, तरी तो फोटो बदलायचा. आमच्या तिसऱ्या फोटोत आईचा हात उपडा होता, तर बायकांना वाटलं ती ‘नको’ म्हणतेय. तळवा वर केला आणि प्रश्न मिटला.

घरी हे कुठं बिघडतं, तेही सांगायला हवं. बहुतेक वेळा कृतीची परीक्षा होते. मूल चुकलं की आई, नाहीतर शेजारी बसलेली आत्या, “अगं किती सांगितलं तुला!” म्हणते. असं होतंय हे ओळखायची खूण आहे. वाटी उचलताना मुलाची नजर वाटीवर आहे की आईच्या तोंडावर, ते बघायचं. तोंडाकडं बघून उचलत असेल, तर ते मोजत नाही, आईच्या भुवया वाचतंय. अशा वेळी मागणं थांबवायचं आणि उलटा डाव खेळायचा. मुलानं मागायचं, आईनं द्यायचं, आणि मध्येच मुद्दाम चुकायचं. आईची चूक पकडायला मुलांना काय आवडतं! आणि पकडली, तर त्याला येतंय हे आपल्याला कळतं.

कार्डाच्या मर्यादाही आहेत. ऊसतोडीला गेलेल्या आईच्या घरी कार्ड आजोबांच्या हाती जातं. ते फार छान करतात, पण त्यांना गटाच्या बैठकीला बोलावलं तर पाहिजे. फोटोत फक्त आयाच असल्या तर आजोबांना ते आपलं काम वाटत नाही. म्हणून एका कार्डावर आम्ही मुद्दाम धोतर-टोपीतले आबा घेतले. दुसरं म्हणजे, काही मुलांची अडचण कार्डानं सुटणारी नसते. मागून हाक मारल्यावर वळत नाही, समोरून बोललं तरच करतं, अशा मुलाला ‘ऐकत नाही’ म्हणून दामटण्यात अर्थ नाही. त्याचे कान तपासायला हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तेव्हा त्याला दाखवायचं. वाट्या नंतर.

मित्रांनो, आता आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी नातवंडं आहेत. कुणाची शाहूपुरीत, कुणाची पुण्यात, कुणाची अमेरिकेत. वाट्या सगळीकडं असतात. तुमच्या नातवाला शंभरपर्यंत येत असेल तर आनंदच आहे. पण उद्या जेवायच्या वेळी त्याला चार वाट्या मागा, आणि त्यानं किती दिल्या ते बघा. दोनच आल्या किंवा सगळ्याच आल्या, तरी सून-मुलाला काही बोलू नका. दोनपासून सुरू करा.

आपल्या शाळेतल्या गुरुजनांसमोर पहिलीच्या बाईनं बोलावं, ही मला मोठीच गोष्ट वाटते. माझ्या बोलण्यात काही राहून गेलं असेल तर जेवताना विचारा. तिथं ताटं मांडलेलीच आहेत.